हॅशटॅग मुका

सख्खा भाऊ कसा असावा हे ज्याले पाहायचं असंल त्यानं अकोल्याच्या जुन्या बसस्टँडवर उतरावं अन् धर्मा मोबाइल कुठी आहे म्हणून विचारावं. रिक्षावाला सांगंल, पाणीपुरीवाला सांगंल, वाहतूक पोलीसबी सांगंल. दुकान म्हणाल तर एवढंसं, दोन माणसं उभी राह्यली की तिसऱ्यानं बाहेरून बोलावं. पण धर्मेंद्र तायडेचं नाव त्या दुकानात मावत नव्हतं. दहावी नापास. 'नापास झालो म्हणून वाचलो, पास झालो असतो त कोण्या साहेबाच्या फायली उचलत बसलो असतो,' असं तो स्वतःच सांगे अन् मिशीले पीळ देई. मिशी मात्र खरोखर सांगण्यासारखी होती. टोकं वर वळलेली, जणू दोन विंचू समोरासमोर आले.

'धर्मा भाऊ अकोलावाले' नावाचं त्याचं पेज होतं. त्यावर तो मोबाइलचे कव्हर दाखवता दाखवता बायकोच्या नावानं विनोद करे, सासऱ्याची नक्कल करे. लोक हसत. पेज पाहणारे एवढे वाढले होते की शेजारचा घड्याळवाला किसनराव म्हणे, "धर्मा, तू आता दुकानात शोभत नाईस. इलेक्शनले उभा राह्य."

"राहीन ना. तुमचं मत पक्कं धरू काय?"

"मत देतो, पण पहिले माह्या नातीचा चार्जर दुरुस्त करून दे."

असा सगळा हसण्याखेळण्याचा कारभार. पण धर्मेंद्रची खरी फुशारकी दुकानाची नव्हती, पेजचीबी नव्हती. ती होती जीवनची. जीवन त्याचा धाकटा भाऊ. जन्मापासून कानानं बधिर. बाप देवमन लवकरच गेला अन् माय इंदूबाई भातकुलीत दुसऱ्याच्या वावरात निंदणाले जाये, तवा जीवनले सांभाळलं ते धर्मेंद्रनं. गावातल्या एका पोट्ट्यानं जीवनच्या मागून डब्बा वाजवला होता, त्याले ऐकू येत नाई हे दाखवायले. धर्मेंद्रनं तो डब्बा त्या पोट्ट्याच्या डोक्यात घातला. बँकेत गेले त धर्मेंद्र बोले. दवाखान्यात गेले त धर्मेंद्र बोले. "याचं तोंड म्हणजे मीच," असं तो डॉक्टरलेबी सांगे.

जीवन अमरावतीच्या मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकला. तिथी हाताची भाषा शिकला, माणसं मिळवली. मंग भातकुलीत येऊन मोटर वायंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटरी आणून देत लोक. जीवन जुनी तार उपटून काढे, खाचा साफ करे, कागद बसवून नवी तांब्याची तार भरे, वार्निश देऊन सुकवे. मंग मोटर चालू करून तिच्या अंगावर तळहात ठेवे. आवाज बरोबर आहे का नाई ते त्याले तळहातावर समजे. तालुक्यातले शेतकरी सांगत, मुक्यानं भरलेली मोटर पुन्यांदा जळत नाई.

मुका. सगळे त्याले मुकाच म्हणत. मायबी लाडानं म्हणे. जीवनले ऐकू येत नसे, पण ओठ वाचता येत. 'मु' म्हणताना ओठ गोळा होऊन पुढं येतात, ते त्याले पाळण्यात असल्यापासून ओळखू येत होतं. शाळेतून आल्यावर एकदा त्यानं भावाले हातानं समजावलं होतं: मी मुका नाई. माह्यापाशी भाषा आहे. मी बधिर आहे. तो शब्द नको.

"अबे, लाडानं म्हणते रे लोक," धर्मेंद्र म्हणाला होता, अन् विषय संपवला होता.

जीवननं मात्र भावाले नाव दिलं होतं सुंदर. हाताच्या भाषेत ज्याचं त्याचं नाव खुणेनं असते. धर्मेंद्रचं नाव होतं मिशीले पीळ अन् लगेच छातीवर थाप. पीळवाला, माह्या काळजाचा. जीवन ते नाव घेई तवा त्याचा चेहरा फुले. साऱ्या अमरावतीच्या बधिर पोरायले ते नाव माहीत होतं. धर्मेंद्र कधी त्यायच्या इतवारच्या बैठकीले गेला की दहा-बारा हात एकदम मिशीपाशी जात. धर्मेंद्रले वाटे, आमदार आला तरी असं स्वागत होणार नाई.

या वर्षी दिवाळी आटोपली अन् जीवन अकोल्याले आला. संगं मोबाइलमधी एक व्हिडिओ. दुकानात धर्मेंद्रच्या स्टुलावर बसून त्यानं तो दाखवला.

व्हिडिओत जीवन उघडलेल्या मोटरीपाशी उभा. निळा शर्ट, मागं कोरी भिंत, हात स्वच्छ दिसतील असा उजेड. हातानं बोलून राह्यला होता: खेड्यापाड्यात आपली कितीतरी पोरं घरी बसून आहेत. त्यायले कोणी काम शिकवत नाई, कारण शिकवणारे तोंडानं शिकवतात. मी आपल्या भाषेत शिकवीन. ही तार, ही खाच, हे बघा. भातकुलीले या. अन् शेवटी: घरच्या ऐकणाऱ्या माणसायले बोलायचं असंल त माह्या भावाशी बोला. मिशीले पीळ, छातीवर थाप. खाली धर्मेंद्रचा नंबर.

धर्मेंद्रच्या डोळ्यात पाणी आलं. त्यानं ते किसनरावले दिसू दिलं नाई.

जीवननं फोनवर टाइप करून दाखवलं. त्याचं मराठी शब्दाशब्दानं चाले. "दादा. पुढे मागे काप. मुलांचे आईबाबा वाचायला खाली मराठी लिही. मग मला दे. माझे नवीन अकाउंट. माझे लोक पाहिजे." अन् खाली हॅशटॅग लिहून ठेवलेले, इंग्रजीत: आयएसएल, म्हणजे भारतातली हाताची भाषा; डेफ इंडिया; मोटर रिवायंडिंग. अन् अमरावती. बस.

धर्मेंद्रनं डेफ इंडिया दाबून पाह्यलं. तिथल्या व्हिडिओवर कुठी तीनशे लोक, कुठी पाचशे.

"हे काय रे?" त्यानं हात नाचवत विचारलं. "इतकुसे लोक? अन् तुह्या नव्या अकाउंटवर पाहणार कोण? तू, माय अन् मी!"

जीवन हसला. त्यानं बोटं जुळवून दाखवलं: थोडे. मंग डोळ्याले बोट लावलं, मंग छातीले: पण आपले.

"हाव, हाव. करतो मी. जाय तू, गाडी सुटंल."

जीवन मिशीले पीळ देऊन, छातीवर थाप मारून गेला.

आता धर्मेंद्रचं काय चुकलं ते नीट ऐका, कारण चुकीत मायाच होती. त्याले वाटलं, माह्या भावासारखा भाऊ अन् तीनशे लोकायनं पाहावा? ज्याची मोटर जळत नाई त्याची कीर्ती दिल्लीपर्यंत गेली पाह्यजे. त्यानं व्हिडिओ कापला, खाली मराठी लिहिलं. पण व्हिडिओ चालवून पाह्यला त सगळा सुन्न. हातच हात. आवाज नाई. 'बिना आवाजाचा व्हिडिओ कोण पायते?' म्हणून त्यानं त्या आठवड्यात गाजून राह्यलेलं गाणं लावलं, पोरगी पोराले गालावर मुका मागते असं ठेक्याचं गाणं. ज्याच्या त्याच्या रीलवर तेच वाजून राह्यलं होतं. गाण्यात मुका होता, अन् भाऊ मुका होता. धर्मेंद्रले हा योग लय भारी वाटला. त्यानं वर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मुक्याचा क्लास'. जीवनचे टॅग ठेवले नाई, इंग्रजीले कोण विचारते म्हणे. आपले टाकले: मुका, मुका शिका, कॉमेडी, व्हायरल, ट्रेंडिंग, वऱ्हाडी. अन् जीवनच्या अकाउंटवर नाई, आपल्या पेजवर सोडला.

संध्याकाळपर्यंत आकडा हजारात. दुसऱ्या दिवशी लाखात. धर्मेंद्रनं दुकानात येणाऱ्या जाणाऱ्याले दाखवलं. "हा माहा भाऊ. बोलत नाई, पण पाह्य, देश पाहून राह्यला त्याले!" चहावाल्यानं फुकट चहा पाजला. जीवनले त्यानं व्हिडिओ नाई, नुसता आकड्याचा फोटो पाठवला. जीवननं दोन्ही हात वर करून पंजे हलवतानाचा फोटो पाठवला. त्यायच्या भाषेत ती टाळी असते.

किसनरावनं चष्मा लावून कमेंटा वाचल्या. त्याचं तोंड उतरलं.

"धर्मा, हे लोक काय लिहून राह्यले?"

"लिहू द्या ना. जितक्या कमेंटा तितका व्हिडिओ पुढं."

"अरे बाप्पा, वाच त. 'क्लास कुठी आहे, मलेबी मुका शिकायचा आहे.' 'गालावरचा का ओठावरचा.' अन् हा पाह्य, 'मुक्याची फी किती.'"

धर्मेंद्र हसला. मंग हसणं अर्ध्यावर थांबलं. त्यानं खाली खाली सरकवत नेलं. सगळीकडं तेच. मोटर कोणाले दिसली नव्हती. तार, खाच, खेड्यातली पोरं, कोणालेच काही दिसलं नव्हतं. एकानंबी विचारलं नव्हतं की भातकुली कुठी आहे.

अन् नकला सुरू झाल्या. तेच गाणं लावून पोट्टे वेडेवाकडे हात हलवून राह्यले होते, अन् शेवटी मिशीले पीळ देऊन, छातीवर थाप मारून, ओठ गोळा करून पुढं. हर एक नकलेत शेवट तोच. त्यायले तोच मजेदार वाटला.

धर्मेंद्रनं घाईघाईनं टॅग बदलले. कॉमेडी काढलं, मुका काढलं, जीवनचे इंग्रजी टाकले. आकडा वाढतच राह्यला, अन् माणसं तीच येत राह्यली.

सोमवारी फोन आला. आचल बोलत होती. आचलचे मायबाप दोघंही बधिर. ती स्वतः ऐकते, अन् अमरावतीच्या बैठकीत लागंल तवा दोन्हीकडचं इकडून तिकडे सांगते.

"धर्मेंद्रदादा, काल जीवनदादा बैठकीत आले होते. लय खुश होते. सगळ्यायले आकडा दाखवून राह्यले होते."

धर्मेंद्रनं हातातलं कव्हर खाली ठेवलं.

"एका पोरानं त्यायले नकलेचे व्हिडिओ दाखवले. जीवनदादाले समजेना, हे ओठ काहून पुढं करतात. त्यायले वाटलं, सगळे मुका, मुका म्हणून चिडवून राह्यले. मंग त्यायनं मले विचारलं, व्हिडिओवर गाणं आहे का? मले खोटं सांगता आलं नाई, दादा. मी शब्दान् शब्द हातानं सांगितला."

"मंग?"

"मंग काय. त्यायले गाणं आहे हेच ठाऊक नव्हतं. इतके दिवस." ती पुढं म्हणाली, "आमच्यातले काही चिडले. म्हणे, यानं स्वतःच्या भाषेचा तमाशा केला. त्यायले वाटलं जीवनदादानंच टाकलं."

"मी टॅग बदलले ना, आचल! मी सगळे बरोबर टाकले आता."

"आता उपयोग नाई, दादा. ते ॲप पहिले थोड्या लोकायले दाखवते. त्यातलं कोण थांबलं, कोणी पुढं पाठवलं ते पायते, अन् मंग तसेच लोक शोधत जाते. तुमी वर लिहिलं मुका, गाणं मुक्याचं, पेज हसण्याचं. त्याले मोटर कशी समजंल? त्यानं ज्यायले मुका पाह्यजे त्यायलेच नेऊन दाखवलं. अन् बधिर माणूस मुका हा शब्द शोधंल काहून? त्याले तो शब्द नकोच आहे."

धर्मेंद्रनं फोन ठेवला, व्हिडिओ काढून टाकला अन् भातकुलीची वाट धरली.

इंदूबाई दारातच बसली होती. "तो आत आहे," म्हणाली. "काल आला तवापासून मोटरीले हात लावला नाई. काय केलं रे तू?"

"माय, मी त त्याले मोठं करून राह्यलो होतो."

"तो लहान कवा होता?"

जीवन बाकावर बसला होता. समोर अर्धी भरलेली मोटर, तारेचं भेंडोळं जमिनीवर. धर्मेंद्र समोर गेला. हात वर केले. त्याले लहानपणापासूनच्या घरातल्या खुणा येत होत्या, शाळेतल्या भाषेतल्या थोड्या. त्यानं सुरू केलं: मी काढलं. सगळं काढलं. माह्या मनात वाईट...

जीवननं त्याच्याकडे नीट पाह्यलं. एकच खूण विचारली. कानाजवळ बोट, मंग बोट नाचवलं: गाणं. काहून?

धर्मेंद्र काय सांगणार? सुन्न होतं म्हणून? तुह्या हातायले कोणी पाह्यलं नसतं म्हणून? त्याच्या तोंडून शब्द निघून गेले, मोठ्यानं, सवयीनं: "तुह्यासाठीच केलं ना रे, मुक्या!"

ओठ गोळा होऊन पुढं आले. जीवननं ते वाचलं.

अन् त्यानं डोळे मिटून घेतले.

ऐकणाऱ्या माणसावर रागावलं तरी त्याच्या कानात आवाज जातो. त्याले ओरडून सांगता येते, दाराबाहेरून सांगता येते. जीवननं डोळे मिटले की मधात काही उरत नाई. धर्मेंद्रनं त्याच्या खांद्याले हात लावला. खांदा बाजूले झाला. अकोल्यात ज्याच्या तोंडाची बरोबरी कोणी करत नव्हतं तो माणूस मिटलेल्या डोळ्यापुढं हात हलवत उभा राह्यला, अन् दारातून मायनं ते पाह्यलं.

महिन्याभरानं जीवननं नवा व्हिडिओ टाकला. स्वतःच्या अकाउंटवर. आचलनं मदत केली. गाणं नाई, आवाजच नाई. पहिल्याच ओळीत लिहिलेलं: कर्णबधिर मुलांसाठी मोटर वायंडिंग, सांकेतिक भाषेत, भातकुली, जिल्हा अमरावती. खाली मोजून तेच चार टॅग. अन् पहिले तो अमरावती, अकोला, यवतमाळच्या बधिर लोकायच्या ग्रुपमधी पाठवला, म्हणजे पहिले पाहणारेच ते. दोन-अडीचशे लोकायनं पाह्यला. कमेंटा थोड्या, पण हर कमेंटीत कोणी कोणाचं तरी नाव टाकून बोलावलेलं. 'किती महिने लागतील?' 'मुलगी चालेल का?' 'बहीण हिवरखेडला, बधिर, घरी आहे.'

धर्मेंद्रनं तो दुकानात बसून पाह्यला. त्याले सगळे हात समजत होते. ही तार. ही खाच. आपल्या भाषेत. भातकुलीले या. तो शेवटाची वाट पाहत होता. घरच्या ऐकणाऱ्यायले बोलायचं असंल त... इथी जीवननं बोट खाली दाखवलं. तिथी आचलचा नंबर होता. अन् व्हिडिओ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

त्यानं पुन्यांदा पाह्यला. शेवटी हात मिशीपाशी जाते का म्हणून. गेला नाई.

वर्ग सुरू झाला तवा इंदूबाईनं निरोप धाडला म्हणून तो गेला होता. पोरं, दोन पोरी, भोवती मोटरी मांडलेल्या. जीवन काम दाखवून राह्यला होता अन् सगळ्यायचे डोळे त्याच्या हातावर. एका पोरीनं दारातल्या माणसाकडे बोट दाखवून विचारलं, हा कोण? जीवननं मागं वळून पाह्यलं. त्याचा हात वर गेला, मिशीपर्यंत नाई, कानापर्यंत. बोट कानाले, मंग बोट धर्मेंद्रकडे. ऐकणारा.

एवढंच. ऐकणारा माणूस. त्यात काही शिवी नव्हती. दुधवालाबी ऐकणारा, पोस्टमनबी ऐकणारा.

धर्मेंद्र परत अकोल्याले आला. आता कोणी गिऱ्हाईक विचारते, "भाऊ, तुमच्या भावाचा तो मुक्याचा व्हिडिओ, काय हसलो बाप्पा!" तवा तो कव्हर पुसत राहते. पेजवर नवं काही टाकत नाई. किसनराव म्हणे, "धर्मा, इलेक्शनचं काय झालं?" तो म्हणे, "तुमचा चार्जर झाला, घेऊन जा."

मागच्या हप्त्यात त्यानं मोबाइल स्टूलवर टेकवला, समोर उभा राह्यला अन् व्हिडिओ घेतला. मिशीले पीळ नाई दिला. हातानं सांगितलं, जसं जमलं तसं, घरच्या खुणांनी: मी बोललो. तुह्या तोंडानं मी बोललो. आता शिकतो. तू शिकव. टाकताना ॲपनं विचारलं, गाणं जोडायचं काय? त्यानं नाई दाबलं. टॅगची जागा कोरी ठेवली. कोणाले दिसावं, तिथी साऱ्या यादीतून एकच नाव निवडलं.

लाखाचे आकडे पाहणारा माणूस आता दिवसातून कितीदा तरी मोबाइल उघडते अन् त्या एका व्हिडिओखालचा आकडा पायते. एक व्हावा इतकीच त्याची आशा आहे.

अजून शून्यच आहे.